मुलाखतीत ‘यात तुमचं काम नेमकं काय होतं?’ हा उलटप्रश्न वारंवार येत असल्यास

‘तुम्ही नेतृत्व केलेल्या एखाद्या प्रकल्पाबद्दल सांगा’ हा प्रश्न येतो. उमेदवार परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम या क्रमाने तीन-चार मिनिटे व्यवस्थित बोलतो, आणि तो थांबताच समोरून विचारणा होते : ‘ठीक आहे, पण यात तुमचं काम नेमकं काय होतं?’ उमेदवाराला वाटते की ते तर आत्ताच सांगितले. म्हणून तो तीच हकिकत थोड्या वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगतो, मुलाखतकार मान हलवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. एखाद्या मुलाखतीत असे घडले तर तो समोरच्याचा स्वभाव म्हणून सोडून देता येईल; परंतु वेगवेगळ्या ठिकाणी हाच उलटप्रश्न येत असेल, तर दोष बहुधा प्रकल्पात नसून उत्तराच्या बांधणीत असतो आणि तो शोधून दुरुस्त करता येतो.

त्यासाठी आधी टेबलाच्या पलीकडे काय चाललेले असते ते पाहावे. जिथे मुलाखती पद्धतशीरपणे घेतल्या जातात तिथे मुलाखतकाराजवळ एक गुणपत्रक असते. त्यावर ‘निर्णयक्षमता’, ‘इतरांकडून काम करून घेणे’ यांसारखे काही गुण लिहिलेले असतात आणि प्रत्येकापुढे श्रेणी देताना तिच्या समर्थनार्थ उमेदवाराने सांगितलेली एखादी प्रत्यक्ष कृती नोंदवावी लागते. या पद्धतीचे मूळ बरेच जुने आहे. जॉन फ्लॅनगन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसंबंधी केलेल्या कामातून पुढे आलेली आणि 1954 साली सविस्तर मांडलेली पद्धत याच आग्रहावर उभी होती : माणूस कसा आहे याविषयीची मते नकोत, एका विशिष्ट प्रसंगी त्याने काय केले ते हवे. तेव्हा मुलाखतकार ऐकत असताना मनात चार रकाने भरत असतो आणि उलटप्रश्न विचारतो तो रिकाम्या राहिलेल्या रकान्यासाठी. ‘हे कधीचं, किती जण होते?’ असे विचारले तर परिस्थिती अपुरी राहिली आहे. ‘तुमच्यावर काय सोपवलं होतं?’ असे विचारले तर जबाबदारी सांगायची राहिली आहे. ‘मग फरक काय पडला?’ हा परिणामाचा रकाना झाला. ‘तुमचं काम नेमकं काय होतं?’ याचा अर्थ कृतीचा रकाना रिकामा आहे, आणि बहुतेक वेळा त्यामागे जबाबदारीचाही रिकामा असतो.

आता एक उत्तर जवळून पाहू. उदाहरण रचलेले आहे, पण अशी उत्तरे मुलाखती घेणाऱ्यांच्या कानांवर नित्य येतात. ही उमेदवार लेखा विभागात सीनियर अकाउंटंट आहे आणि प्रकल्प आहे महिनाअखेरचे क्लोजिंग, म्हणजे महिन्याचे हिशेब बंद करण्याचे काम, लवकर पूर्ण करण्याचा.

‘आमच्याकडे मंथ-एंड क्लोजिंगला खूप वेळ लागायचा. कंपनी वाढली होती, शाखा वाढल्या होत्या, बिलं उशिरा यायची, जुन्या सॉफ्टवेअरमध्येही मर्यादा होत्या. मॅनेजमेंटला रिपोर्ट वेळेवर मिळत नव्हते, त्यामुळे सगळ्यांवरच दबाव होता. मग हा प्रकल्प हाती घेण्यात आला आणि मी तो लीड केला. आम्ही सगळ्या प्रक्रियेचा अभ्यास केला, संबंधित विभागांसोबत मीटिंग घेतल्या, अडचणी शोधल्या, त्यावर उपाय ठरवण्यात आले आणि टप्प्याटप्प्यानं अंमलबजावणी झाली. टीमनं खूप मेहनत घेतली. शेवटी क्लोजिंग बऱ्यापैकी लवकर व्हायला लागलं आणि मॅनेजमेंटनंही कौतुक केलं.’

वरवर पाहता यात चारही भाग आहेत आणि क्रमही योग्य आहे. पण एक साधी चाचणी लावून पाहावी : याच चमूतील दुसऱ्या एखाद्या सहकाऱ्याने हेच वाक्य जसेच्या तसे म्हटले असते तरी ते खरे ठरले असते का? ज्या वाक्याबाबत उत्तर ‘हो’ येईल ते खोडावे. वरच्या उत्तरातून ‘मी तो लीड केला’ एवढेच वाक्य उरते, आणि त्यात कृती नाही, फक्त दावा आहे. मुलाखतकाराने उलटप्रश्न विचारला यात नवल नाही. नोंदवण्यासारखे त्याला काहीच मिळाले नव्हते.

या उत्तरातील पहिला दोष जबाबदारीच्या भागात आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष याच भागाकडे होते. बहुतेक उमेदवार प्रकल्पाचे उद्दिष्ट सांगतात आणि तीच आपली जबाबदारी असे गृहीत धरून पुढे जातात. वास्तविक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लोजिंग लवकर व्हावे हे विभागाचे उद्दिष्ट झाले. या उमेदवारावर कोणी, काय, किती मुदतीत आणि कोणत्या अटींवर सोपवले होते, आणि कोणते अधिकार तिच्याकडे नव्हते, ही तिची जबाबदारी झाली. नसलेल्या अधिकारांचा उल्लेख करायला लोक कचरतात, कारण त्यामुळे आपले नेतृत्व छोटे दिसेल अशी भीती वाटते. परिणाम मात्र उलट होतो. ज्या माणसांची वार्षिक श्रेणी आपल्या हातात नाही, त्यांच्याकडून काम करून घेतले हे एकदा स्पष्ट झाले की पुढच्या प्रत्येक कृतीला वजन येते. ते सांगितलेच नाही तर मुलाखतकार समजतो की साहेबांनी आदेश दिला असेल आणि सगळ्यांनी तो पाळला असेल.

दुसरा दोष कृतीच्या भागात आहे आणि तो दोन प्रकारे दिसतो. ‘ठरवण्यात आले’, ‘अंमलबजावणी झाली’, ‘हाती घेण्यात आला’ अशी वाक्ये कार्यालयीन पत्रव्यवहारात शोभतात आणि सवयीने तोंडीही येतात. त्यांत कर्ताच नसतो. विनयापोटी आलेला ‘आम्ही’ हा त्यांचाच भाऊबंद. परंतु केवळ ‘आम्ही’च्या जागी ‘मी’ घातल्याने दुरुस्ती होत नाही. ‘मी प्रक्रियेचा अभ्यास केला, मी मीटिंग घेतल्या, मी उपाय ठरवले’ हे वाक्य व्याकरणाने सुधारले आहे, पण आशयाने तितकेच रिकामे आहे, कारण अभ्यास आणि मीटिंग या सर्वच प्रकल्पांत होतात. कृतीचा रकाना भरतो तो निर्णयांनी : समोर दोन मार्ग होते, त्यांपैकी मी हा का निवडला, कोणाचा विरोध होता आणि तो कसा हाताळला. एका उत्तरासाठी असे दोन निर्णय पुरतात. पाच सांगायला गेल्यास प्रत्येक एका ओळीत उरकावा लागतो आणि गाडी पुन्हा कामांच्या यादीवर येते.

त्यामुळे दुरुस्ती उत्तर लिहिण्यापासून नव्हे, तर आठवण्यापासून सुरू करावी लागते. जुने ई-मेल, मीटिंगच्या नोंदी, एक्सेलच्या फाइल पाहून ‘इथे मी नसते तर काय वेगळे झाले असते?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या उमेदवाराने तसे केल्यावर तिला जे आठवले ते असे होते. क्लोजिंगला 9 कामकाजाचे दिवस लागत. सर्वांचा समज होता की सॉफ्टवेअर मंद आहे. तिने एका महिन्याच्या क्लोजिंगमध्ये प्रत्येक काम कधी सुरू झाले आणि कधी संपले याची नोंद ठेवली, तेव्हा दिसले की त्यातले 3 दिवस कोणी काही करत नव्हते. पुरवठादारांची बिले खरेदी विभागाकडून येण्याची वाट पाहिली जात होती. आणखी 1 दिवस बँक रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे आपल्या नोंदी बँकेच्या खातेउताऱ्याशी जुळवण्यात, जात होता, कारण संपूर्ण महिन्याची जुळवणी शेवटी एकदम केली जाई.

इथे तिच्यासमोर दोन मार्ग होते. पहिला म्हणजे बिले जमा करण्याची कडक अंतिम तारीख ठरवणे, ज्याला फायनान्स कंट्रोलर अनुकूल होते. दुसरा म्हणजे बिल येण्याची वाट न पाहता, माल मिळाल्याची नोंद आणि पर्चेस ऑर्डरवरील दर यांवरून अंदाजित रकमेची प्रोव्हिजन, म्हणजे खर्चाची तात्पुरती नोंद, करणे, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला ती नोंद उलटवणे आणि प्रत्यक्ष बिल आल्यावर ते नेहमीप्रमाणे नोंदवणे. तिने दुसरा मार्ग मांडला. तिचे म्हणणे असे की बिल कधी पाठवायचे हे पुरवठादार ठरवतो, खरेदी विभाग नाही. शिवाय महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत आलेल्या मालाचे बिल कोणत्याही अंतिम तारखेत बसणार नव्हतेच. खरेदी प्रमुखांनी विरोध केला. अंदाजावर खर्च दाखवला तर आपल्या विभागाचा आकडा फुगलेला दिसेल, अशी त्यांची शंका होती आणि ती गैरवाजवी नव्हती. तिने मागच्या तीन महिन्यांची बिले पर्चेस ऑर्डरच्या दरांशी ताडून तो तक्ता त्यांच्यासमोर ठेवला. फरक प्रामुख्याने वाहतूक आणि दुरुस्तीच्या बिलांत निघाला, मालाच्या बिलांत जवळपास नव्हताच. म्हणून प्रोव्हिजन केवळ मालापुरती आणि एका ठरावीक रकमेच्या वरच्या नोंदींपुरती करायची, तर सेवांच्या बाबतीत संबंधित विभागाने रक्कम लेखी कळवायची, अशी तडजोड झाली.

एवढे हाती आल्यावर उत्तर पुन्हा बांधता येते. बोलायला सुमारे अडीच मिनिटे लागतील असे ते व्हावे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ कृतीकडे जावा.

‘मी पाच जणांच्या लेखा चमूत सीनियर अकाउंटंट होते. महिन्याचं क्लोजिंग 9 कामकाजाच्या दिवसांत व्हायचं, त्यामुळे विक्री विभागाला आधीच्या महिन्याचा नफा-तोटा चालू महिना अर्धा सरत आल्यावर कळायचा.

फायनान्स कंट्रोलरनी मला दोन तिमाहींत हा कालावधी 6 दिवसांवर आणायला सांगितलं. नवीन माणूस मिळणार नव्हता, सॉफ्टवेअर बदलणार नव्हतं, आणि चमूतले चौघं मला रिपोर्ट करत नव्हते.

आधी मी एका महिन्याच्या क्लोजिंगची कामनिहाय वेळ नोंदवली. दिसलं असं, की 3 दिवस आम्ही फक्त बिलांची वाट पाहत होतो. बिलांसाठी अंतिम तारीख ठरवावी असा विचार होता. मी त्याऐवजी माल मिळाल्याच्या नोंदीवरून प्रोव्हिजन करायचं सुचवलं, कारण बिल कधी येणार हे आमच्या हातात नव्हतं. खरेदी प्रमुखांचा याला विरोध होता. त्यांना आकडे फुगण्याची भीती होती. मी तीन महिन्यांची बिलं ऑर्डरच्या दरांशी ताडून दाखवली, आणि जिथे फरक मोठा होता ती सेवांची बिलं यातून बाहेर ठेवली; प्रोव्हिजनही ठरावीक रकमेच्या वरच्या नोंदींपुरतीच ठेवली. त्यावर त्यांनी संमती दिली. दुसरा बदल बँक रिकन्सिलिएशनचा. दर आठवड्याला जुळवणी करण्याची कल्पना माझ्या सहकाऱ्याची होती. त्याला दर सोमवारी अर्धा दिवस मोकळा मिळावा म्हणून मी त्याचं रोजचं पेमेंट एंट्रीचं काम दोघांमध्ये वाटून घ्यायला चमूला राजी केलं.

बिलांची वाट 3 दिवसांवरून 1 दिवसावर आली आणि रिकन्सिलिएशनचा दिवस वाचला, म्हणजे चौथ्या महिन्यापासून क्लोजिंग 6 दिवसांत व्हायला लागलं. दुसऱ्या महिन्यात मात्र आम्ही 8 दिवसांवर घसरलो होतो, कारण काही प्रोव्हिजन उलटवायच्या राहिल्या आणि तोच खर्च दोनदा लागला. त्यानंतर मी न उलटवलेल्या प्रोव्हिजनची यादी क्लोजिंगच्या पहिल्या दिवशीच तपासायची, असा नियम घातला.’

खोडण्याची चाचणी आता पुन्हा लावून पाहावी. परिस्थितीची वाक्ये खोडली जातात, आणि ते योग्यच आहे, कारण परिस्थिती सर्वांची सारखीच असते. बाकीचे जवळजवळ सर्व उरते. सहकाऱ्याचे श्रेय त्याला दिले आहे, तरीही ते वाक्य उमेदवाराच्याच खात्यात जमा होते. कल्पना त्याची होती, पण ती अमलात यावी यासाठी वाट तिने मोकळी केली. नेतृत्वाच्या प्रश्नात मुलाखतकार शोधत असतो ते हेच, आणि म्हणूनच सगळी कामे स्वतःच्या नावावर लावणारे उत्तर त्याला संशयास्पद वाटते. पाच जणांच्या चमूत एकाच माणसाला सर्व काही सुचले, हे सहसा खरे नसते.

परिणामाविषयी थोडक्यात. ‘बऱ्यापैकी लवकर’ या शब्दांनी काहीही नोंदवता येत नाही. आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि बदल कशामुळे झाला याचा हिशेब एवढे पुरते. वरच्या उत्तरात 2 दिवस एका निर्णयाचे आणि 1 दिवस दुसऱ्याचा, अशी बेरीज जुळते; ऐकणाऱ्याच्या ती लगेच लक्षात येते. आकडे गोपनीय असतील तर रकमा न सांगता दिवस, टक्केवारी किंवा प्रमाण सांगावे. मोजमाप झालेच नसेल तर आकडा रचू नये, कारण ‘हे तुम्ही कसं मोजलंत?’ हा पुढचा प्रश्न असतो. त्याऐवजी दिसणारा बदल सांगावा, जसे की पूर्वी रोज येणारी चौकशी बंद झाली. साहेबांचे कौतुक परिणामात धरू नये. घसरलेल्या महिन्याचा उल्लेख वगळावा असे अनेक जण सुचवतील. माझे मत वेगळे आहे : तो एका वाक्यात आणि त्यावरील उपायासह आला तर उत्तर खरे वाटते, आणि खोलात जाऊ पाहणाऱ्या मुलाखतकाराला पुढचा प्रश्न विचारायला तिथे जागाही मिळते.

ही दुरुस्ती केल्यावर उलटप्रश्न संपत नाहीत, ते बदलतात. ‘अंतिम तारखेचा मार्ग का नाकारलात?’, ‘खरेदी प्रमुख तयार झालेच नसते तर काय केलं असतं?’, ‘प्रोव्हिजनच्या रकमेची मर्यादा कशी ठरवली?’ असे प्रश्न येऊ लागले की समजावे, रकाने भरत आहेत आणि मुलाखतकार श्रेणी वर न्यायची का ते तपासत आहे. त्यामुळे सांगितलेल्या प्रत्येक निर्णयाखाली आणखी एक थर तयार ठेवावा, पण तो मूळ उत्तरात कोंबू नये.

तयारीचा खरा तपास फोनवर ध्वनिमुद्रण करूनच होतो. उत्तर लिहून वाचले तर ते सुबक वाटते. बोलताना मात्र परिस्थितीच फुगते, कारण ती सांगायला सोपी असते आणि घाबरलेला माणूस सोप्या जागी रेंगाळतो. मुद्रण ऐकताना आपल्या पहिल्या निर्णयापर्यंत किती वेळ गेला एवढेच पाहावे. एक मिनिट उलटून गेले असेल तर परिस्थितीतील वाक्ये कमी करावीत. सॉफ्टवेअरच्या मर्यादा, शाखांची वाढ, कंपनीचा इतिहास यांपैकी ज्या तपशिलाचा पुढे कृतीत उपयोग होत नाही तो काढून टाकता येतो. ठरलेले उत्तर शब्दशः पाठ मात्र करू नये. दोन निर्णय, दोन आकडे आणि एक विरोध एवढेच लक्षात ठेवले की वाक्ये त्या वेळी सुचतात.

कधी कधी एवढे सर्व करूनही खोडण्याच्या चाचणीत काही उरत नाही. मग दोष उदाहरणाच्या निवडीत असतो. मोठ्या नावाचा, पन्नास माणसांचा प्रकल्प सांगण्याचा मोह होतो, पण त्यात आपण केवळ पाठपुरावा आणि साप्ताहिक अहवाल सांभाळत असू तर तो प्रकल्प या प्रश्नासाठी निरुपयोगी आहे. तीन माणसांचा, सहा आठवड्यांचा प्रकल्प, ज्यात दोन निर्णय आपले होते, इथे अधिक उपयोगी पडतो. पदनाम ‘लीड’ नसले तरी चालते. वरच्या उमेदवाराचेही नव्हते.

आणि मुलाखत चालू असतानाच ‘यात तुमचं काम नेमकं काय होतं?’ हा प्रश्न पुन्हा आला, तर हकिकत पहिल्यापासून सुरू करू नये. एकच निर्णय उचलावा आणि तो दोन वाक्यांत सांगावा : ‘बिलांची वाट पाहायची नाही, माल मिळाल्याच्या नोंदीवरून प्रोव्हिजन करायची, हा निर्णय मी मांडला. त्यासाठी खरेदी प्रमुखांची संमती मी तीन महिन्यांच्या आकड्यांवरून मिळवली.’ एवढे बोलून थांबावे, आणि मुलाखतकाराला ते लिहून घेऊ द्यावे.